अडीचच्या दोन रेघा

कंपाउंडरकाकांना कुणी नावाने हाक मारल्याचं गेल्या पंचेचाळीस वर्षांत कुणाला आठवत नाही. एकदा पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन दवाखान्यात आला आणि त्याने पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचलं, तेव्हा खुद्द काकाच म्हणाले, "असं कुणी इथं राहत नाही." पोस्टमन पायरी उतरून गेल्यावर त्यांच्या डोक्यात उजेड पडला आणि चप्पल न घालताच ते त्याच्या मागे धावले. हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगत आणि दर खेपेला पोस्टमन थोडा आणखी लांब गेलेला असे.

माणूस तसा साधा. खेड्यातल्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. पण काय शिकलेला! पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे तोंडपाठ. आणि अक्षर असं की दवाखान्याचे मालक, मोठे डॉक्टर, म्हणायचे, "काका, तुम्ही जुलाबाच्या गोळीची चिठ्ठी लिहिलीत तरी ती फ्रेम करून लावावीशी वाटते." मोठे डॉक्टर स्वतः मात्र असं लिहीत, की कागदावर मुंगी शाई पिऊन हिंडली असावी. ते पंचेचाळीस वर्षं लिहीत गेले आणि काका पंचेचाळीस वर्षं वाचत गेले. दवाखाना त्यावरच चालला.

पुढे मोठ्या डॉक्टरांचे डोळे गेले, म्हणजे दिसेनासं झालं. फेब्रुवारीत त्यांनी खुर्ची सोडली. पाच-सहा महिने एक बदली डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊन काम बघत होता. ऑगस्टच्या सुरुवातीला मोठ्या डॉक्टरांची मुलगी, डॉक्टरताई, येऊन खुर्चीवर बसली. काकांनी तिला फ्रॉकमध्ये पाहिलेलं. पण तिने पहिल्याच आठवड्यात कपाटातला एक पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर उपडा केला.

"काका, ही वॉरफरिनची कार्डं. चौदा माणसं आहेत. एकाही कार्डावरून मला कळत नाही की कोण किती गोळी घेतंय आणि का घेतंय."

"मला कळतं की!"

"तुम्ही उद्या आजारी पडलात तर?"

"मी? मी पंचेचाळीस वर्षांत..."

"काका."

एवढ्या एका 'काका'त तिच्या आईचा आवाज होता.

वॉरफरिन ही रक्त सहज गोठू न देणारी गोळी. ज्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली असते, किंवा ज्यांचं हृदय आपल्याच तालात वेडंवाकडं धडधडतं, त्यांच्या रक्तात गुठळी होऊ नये म्हणून ती द्यायची. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मध्ये एक अरुंद पायवाट. त्या पायवाटेवर माणूस आहे की नाही, हे एका तपासणीच्या आकड्यावरून कळतं. त्याला आयएनआर म्हणतात. आणि पायवाट प्रत्येकाची सारखी नसते. कुणाचा आकडा दोन ते तीनमध्ये राहायला हवा, तर कुणाचा अडीच ते साडेतीनमध्ये. त्याला लक्ष्य म्हणायचं.

डॉक्टरताईंनी नवी वही दिली आणि रकाने सांगितले: तारीख, आयएनआर, लक्ष्य, रोजची गोळी किती मिलिग्रॅमची आणि किती, आठवड्याची बेरीज, डोस बदलला का, बदलला तर कारण, पुढची तपासणी कधी. प्रत्येक पानाच्या माथ्यावर माणसाचा आजार आणि लक्ष्य ठळक लिहायचं. "आणि काका, कार्डावरून नुसतं उतरवू नका. लॅबच्या चिठ्ठ्या, हॉस्पिटलचे कागद, सगळं शेजारी ठेवून ताळा करा. अपूर्णांक लिहायचा तो टिंब देऊन. शून्य आधी, मग टिंब."

टिंबाचं नाव काढताच काकांच्या कपाळाला आठी पडली. टिंबावर त्यांचा जुना राग. लॅबवाल्याने मागे एकदा सुचवलं होतं, तेव्हा काकांनी त्याला सगळ्यांदेखत झाडलं होतं. "टिंबाचं काय सांगतोस? कागदावर माशी बसून गेली तरी टिंब होतं! आमच्या मास्तरांची रीत बघ. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. माशीला कधी रेघ ओढता येते का?" दवाखान्यातले पेशंट खोकता खोकता हसले होते. लॅबवाला बिचारा रक्ताच्या बाटल्या घेऊन निघून गेला होता.

पण आता डॉक्टरताईंचा हुकूम होता. काका रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी तासभर बसू लागले. काम कुरकुरत सुरू केलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना गोडी लागली. एका निवृत्त मास्तरांच्या कार्डावर 'गोळी दोन' एवढंच होतं. एकची दोन की दोनची दोन? चिठ्ठ्या धुंडाळल्या तेव्हा कळलं, मार्चपर्यंत एक मिलिग्रॅमच्या, नंतर दोनच्या. 'गोळी दोन' हे शब्द तेच, पण डोस दुप्पट! तो डॉक्टरांनी मुद्दाम वाढवला होता, हे लॅबच्या चिठ्ठीवरून पटलं तेव्हा कुठे काकांचा जीव भांड्यात पडला. एका गवंड्याच्या कार्डावर 'तीन, एक दिवस आड चार' होतं. आता आठवड्याला दिवस सात. एका आठवड्यात चार दिवस तीनचे येतात, दुसऱ्यात तीन. म्हणजे बेरीज एकदा चोवीस, एकदा पंचवीस. काकांनी दोन आठवड्यांची एकोणपन्नास धरून निम्मी केली आणि खूश होऊन डॉक्टरताईंना दाखवली.

"वा काका! हे मला कुणी शिकवलं नव्हतं."

त्या दिवशी काका घरी शीळ घालत गेले.

पाचव्या दिवशी कात्रीचं कार्ड हाती आलं.

कात्री म्हणजे चौकातली शिवणकाम करणारी. तिच्या हातातल्या कात्रीवरून नाव पडलं की जिभेवरून, यावर दोन मतं आहेत. वय अठ्ठेचाळीस, एकटी राहणारी, दुकानात एक मशीन आणि एक आरसा. सहा वर्षांपूर्वी तिच्या हृदयातली एक झडप बदलून धातूची घातली होती. शांत खोलीत ती बसली की छातीतून घड्याळासारखी बारीक टिकटिक ऐकू येते. ती गिऱ्हाइकांना सांगायची, "लवकर बोला, माझं मीटर चालू आहे."

तिचं कार्ड नवं होतं, स्वच्छ. फेब्रुवारीत जुन्या कार्डावर काकांच्याच हातून चहा सांडला, शाई पसरली, म्हणून काकांनीच ते नव्याने उतरवलं होतं. सुंदर अक्षर. वर दुहेरी रेघ, कोपऱ्यात तारीख. आणि लक्ष्य: '२॥ ते ३॥'.

काकांनी वहीत नोंदी घ्यायला सुरुवात केली. जानेवारी: आयएनआर दोन पॉइंट नऊ, रोज पाच मिलिग्रॅम, आठवड्याचे पस्तीस. बारा मार्च: तीन पॉइंट तीन. शेजारी बदली डॉक्टरांचं अक्षर, 'जास्त. कमी करा.' पाच दिवस पाच, दोन दिवस चार. आठवड्याचे तेहेतीस. काका थबकले. तीन पॉइंट तीन जास्त कसा? साडेतीनपर्यंत चालतं की. असेल काहीतरी, म्हणून पुढे गेले. नऊ एप्रिल: तीन पॉइंट एक. 'अजून जास्त.' तीन दिवस पाच, चार दिवस चार. एकतीस. मे: दोन पॉइंट पाच, 'छान.' जून: दोन पॉइंट दोन, 'छान.' चौदा जुलै: दोन पॉइंट एक. 'उत्तम. असंच चालू ठेवा.'

लॅबच्या चिठ्ठ्यांशी ताळा बरोबर. हॉस्पिटलचा टाइप केलेला कागद उलगडला. झडपेची जागा, झडपेची जात, आणि लक्ष्य: २.५ ते ३.५. तेही बरोबर. मग उत्तम कसं? दोन पॉइंट एक म्हणजे अडीचच्या खाली. तीन महिने घसरत गेलेला आकडा, आणि शेजारी उत्तम?

काकांनी कार्ड पुन्हा डोळ्यांजवळ घेतलं. '२॥ ते ३॥'. मग त्यांनी ते हात लांब करून धरलं, परक्या माणसाने बघावं तसं. इंग्रजी शाळेत शिकलेला तरुण डॉक्टर. त्याला या दोन रेघा काय सांगणार? श्लोक संपल्यावर असतात तशा रेघा. दोन. तीन. दोन ते तीन.

काकांनी कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं.

वहीत बारा मार्चच्या ओळीला 'कारण' असा रकाना होता. तो काकांनीच पट्टी लावून आखला होता. आता तिथे काय लिहायचं? पेन्सिलीने त्यांनी हळूच लिहिलं, 'बदली डॉक्टरांचा गैरसमज.' वाचलं. खोटं नव्हतं. मग खोडरबर घेऊन पुसलं आणि रकाना कोरा ठेवला. तेवढ्यात डॉक्टरताई आत आल्या.

"झालं का काका कात्रीचं?"

"होतंय," काका म्हणाले आणि हॉस्पिटलचा कागद वहीखाली सरकवला.

ज्याने आयुष्यात कधी कुणाची गोळी लपवली नाही, तो माणूस कागद लपवून बसला. सकाळचे पेशंट झाले. काकांनी पुड्या बांधल्या, इंजेक्शनं भरली, एका आजीला दोनदा तेच औषध दिलं आणि तिनेच परत केलं. 'तिची तपासणी पुढच्या आठवड्यात आहेच,' ते मनाशी म्हणत होते. 'तेव्हा आकडा बघून डॉक्टरताई डोस वाढवतीलच. लक्ष्य मी वहीत नीट लिहितोच आहे. कुणाला काय कळणार?' असं मनाशी दहादा म्हटलं, आणि प्रत्येक वेळी ते थोडं कमी पटलं.

दुपारी जेवायला घरी गेले. बायकोने ताट वाढलं आणि समोर एक ब्लाउज फडकवला.

"हे बघा. बाही बघा. एक वर, एक खाली. मी काय नाटकात काम करते?"

"कुणी शिवला?"

"कात्रीने! तिच्या हातचं असं कधी झालंय? मी विचारलं तर हसायला लागली. म्हणे, परवा कात्रीच हातातून पडली. उजव्या हाताची बोटं वळेनात. कुणाला काही सांगायला गेली तर शब्दच फुटेना. म्हणते, दहा मिनिटं जीभ मुकी झाली, चौकातल्या लोकांनी पेढे वाटायला हवे होते. मग आपोआप बरं झालं, बोटं तेवढी अजून जड आहेत. थकवा असेल."

काकांचा घास हातातच राहिला.

"अहो? मीठ कमी आहे का?"

काका उठले. हात न धुताच चपला शोधू लागले.

"काय झालं ते तरी सांगाल?"

"माझ्यामुळे झालं," ते म्हणाले. "माझ्या अक्षरामुळे."

"मग मला काय सांगता?" बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता, हीच भीती होती. "तिच्याकडे जा."

काका आधी दवाखान्यात गेले, कारण गोळ्यांच्या कामात एवढी अक्कल शिल्लक होती. डॉक्टरताई जेवणाचा डबा उघडत होत्या. काकांनी कार्ड, कागद आणि वही तिच्यापुढे ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. रेघा, बदली डॉक्टर, चौदा जुलै, कात्रीची जीभ. आणि शेवटी, "सकाळी नऊ वाजता मला कळलं होतं. हा कागद मी वहीखाली ठेवला."

डॉक्टरताईंनी आकड्यांवरून बोट फिरवलं. पस्तीस, तेहेतीस, एकतीस. दोन पॉइंट पाच, दोन पॉइंट दोन, दोन पॉइंट एक. वहीने तिला सगळं एका पानात सांगितलं. पाच महिन्यांचं, एका नजरेत.

"हात वळेना, बोलता येईना, म्हणजे डोक्यात गुठळी जाऊन आलेली असू शकते काका. पुढच्या खेपेला इतक्यावर निभावेल असं नाही. आत्ता बोलवा तिला. नाही, तुम्हीच जा आणि घेऊन या."

दुकानात कात्री मशीनवर होती. काकांना बघून म्हणाली, "काकांनी चप्पल उलटी घातलीये. काकू रागावल्या वाटतं?"

"दुकान बंद कर पोरी. दवाखान्यात चल."

"तपासणी पुढच्या मंगळवारी आहे."

"आज आहे."

"आणि हा शर्ट कोण शिवणार? तुम्ही?"

रस्त्यात काकांनी सांगून टाकलं. सरळ सांगता येईना, तेव्हा मास्तरांपासून सुरुवात झाली, मग रेघा, मग माशी. कात्री चौकाच्या मध्यात उभी राहिली.

"काका, मास्तर राहू द्या. मला गोळी कमी मिळाली का?"

"हो."

"किती महिने?"

"मार्चपासून."

"आणि परवाचं ते..."

"त्यामुळेच झालं असेल. बहुतेक."

ती वळली आणि दवाखान्याच्या दिशेने झपाझप चालू लागली. तिच्या छातीतली टिकटिक भर रस्त्यात ऐकू येते आहे असं त्यांना वाटलं. ऐकू येत नव्हती, पण वाटलं.

दवाखान्यातल्या छोट्या मशीनवर बोट टोचून आकडा घेतला. एक पॉइंट नऊ. डॉक्टरताईंनी हॉस्पिटलला फोन केला, मग बदली डॉक्टरांना केला. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"दोन ते तीनच होतं ना? पुढे ओळ संपल्याची खूण होती, पोथीत असते तशी. धातूची झडप हृदयात एका ठरावीक जागी असेल तर तिलाही दोन ते तीन चालतं, म्हणून मी..." तो थांबला. "झडप कुठली ते मी बघायला हवं होतं. पण अक्षर इतकं छान होतं हो, की शंकाच आली नाही."

काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आजवर अक्षराचं इतकं कौतुक कधी बोचलं नव्हतं.

हॉस्पिटलला निघायच्या आधी काकांनी बारा मार्चचा कोरा रकाना भरला, या वेळी शाईने. 'लक्ष्य चुकीचं वाचलं गेलं. कार्डावर मी अपूर्णांक जुन्या खुणेने लिहिला होता. कंपाउंडर.' नऊ एप्रिलच्या ओळीतही तेच लिहिलं. 'वरीलप्रमाणे' असं त्यांनी लिहिलं नाही.

हॉस्पिटलच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी वही उघडली आणि विचारलं, "हे कुणी बनवलं? सगळ्यांनी असं आणलं तर आमचे दोन तास वाचतील." मग कारणाच्या रकान्यावर नजर गेली, आणि तिने काकांकडे न बघता पान उलटलं. ते न बघणं काकांना शिवीपेक्षा जास्त लागलं.

डोक्याचा फोटो काढला. मग हृदयाची सोनोग्राफी. झडपेच्या कडेला छोटी गुठळी चिकटली होती. झडप अडली नव्हती, नशीब. डोक्यात रक्तस्राव नाही अशी खात्री करून शिरेतून हेपारिन सुरू झालं, म्हणजे वॉरफरिनचा आकडा वर चढेपर्यंत रक्त गोठू न देणारं सलाईनवाटेचं औषध. गोळी पुन्हा रोज पाच मिलिग्रॅम. कात्री अकरा दिवस तिथे होती. काका रोज जात आणि रोज "मला माफ कर पोरी" म्हणत.

सहाव्या दिवशी तिने हात वर केला. "काका, बास. तुम्ही माफी मागता, तुमचा चेहरा असा पडतो, की मलाच तुमची समजूत घालावी लागते. इथे आजारी मी आहे ना? मला तेवढा वेळ नाही."

"मग मी काय करू?"

"त्याचंही उत्तर मीच देऊ का?"

काका दवाखान्यात आले, बाकी तेरा कार्डं काढली आणि प्रत्येक कार्डावर जिथे जिथे दोन रेघा होत्या तिथे तिथे खूण केली. सत्तावीस जागा निघाल्या. सव्वीस ठिकाणी डोस नीट वाचला गेला होता. एका ठिकाणी लक्ष्य नीट वाचलं गेलं होतं, ते केवळ त्या दिवशी काका खोलीत होते म्हणून. त्यांनी हे डॉक्टरताईंना सांगितलं. सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं. बायकोने रात्रीच्या जेवणाला विचारलं, "पोट भरलं का?" तर म्हणाले, "अजून नाही." ती भाताबद्दल विचारत होती. ते आपल्या चुकीच्या भरपाईबद्दल बोलत होते, हे तिला कळलं, आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

सप्टेंबरात कात्री तपासणीला आली. चालणं झोकात, जीभ पूर्ववत. पण उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी अजून सांगितलेलं उशिरा ऐकत. बटणांची काजं करायला घेतली की दोरा सुटतो, असं तिने सहज सांगितलं, हवापाण्याबद्दल सांगावं तसं. काकांनी तिच्या डाव्या हाताचं बोट टोचलं. आकडा आला. ते सवयीने वही ओढू लागले तर कात्रीने आपल्या पिशवीतून दुसरी वही काढली. शाळेच्या वहीसारखी, रकाने वाकडे आखलेले.

"डॉक्टरताईंनी सांगितलंय, एक वही पेशंटकडे. माझी मी लिहिणार. तुम्ही फक्त वाचा."

"मी लिहून देतो की, तुझा हात..."

"काका."

काका खुर्चीवर नीट बसले. "आयएनआर दोन पॉइंट आठ."

"असं नाही. एकेक आकडा सांगा."

"दोन. टिंब. आठ."

तिने पेन मुठीत धरलं, बोटांत धरवत नव्हतं म्हणून. दोनचा आकडा ओळीखाली घसरला. टिंब तिने एवढं मोठं काढलं की कागदाला भोक पडायचं बाकी होतं. आठ काढायला ती दोनदा थांबली.

"लक्ष्य?"

"दोन. टिंब. पाच. ते. तीन. टिंब. पाच."

बाहेर बाकावर चार माणसं खोकत होती, एकजण घड्याळ बघत होता. कुणीतरी दारातून डोकावून म्हणालं, "काका, किती वेळ?"

"लागेल वेळ," काका म्हणाले, आणि कात्रीचं पेन पुढच्या रकान्यावर पोचेपर्यंत तिच्या वहीकडे बघत बसून राहिले.